पहिला हप्ता खर्च झाला, दुसरा मागायचा: गाळाच्या कामाची यूसी आणि तिच्यासोबतचं पत्र

पाझर तलावातला गाळ काढायच्या कामाला मुदत पाऊस ठरवतो. पाणी उतरल्यावर फेब्रुवारीत मशीन उतरवायचं आणि मेअखेर ते तलावाबाहेर काढायचं. नेमकं मध्ये ३१ मार्च येतं, म्हणजे निधी देणाऱ्या कंपनीचं वर्ष संपतं. दुसऱ्या हप्त्याचं पत्र याच गर्दीत लिहावं लागतं. खाली जे लिहिलंय ते अशाच एका कामाच्या यूसीचं, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्राचं, आणि त्यासोबत गेलेल्या पत्राचं आहे. संस्था लहान, पगारी माणूस एकच, निधी एका कंपनीच्या सीएसआरचा. नावं काढली आहेत आणि बेरजा डोक्यात राहाव्यात म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. हिशेबाची रीत आहे तशीच ठेवली आहे.

काम तीन पाझर तलावांचं, मंजूर रक्कम १५,००,०००. करारात हप्ते ४०, ४० आणि २० टक्के. पहिले ६,००,००० फेब्रुवारीच्या १० तारखेला या कामासाठी उघडलेल्या स्वतंत्र बचत खात्यात आले. दुसरा हप्ता कधी, याबद्दल करारात एकच वाक्य होतं: पहिल्या हप्त्याच्या ७५ टक्के रकमेचा विनियोग झाल्यावर, उपयोगिता प्रमाणपत्र सादर केल्यावर. या वाक्यातल्या ‘विनियोग’ शब्दाने पुढे पंधरा दिवस खाल्ले.

३१ मार्चला वहीत दिसणारा हिशेब असा होता. ‘झालेला खर्च’ म्हणजे काम झालं आणि बिल आलं. ‘चुकता’ म्हणजे संस्थेने त्यासाठी पैसे दिले किंवा चेक लिहिला.

| खर्चाचं शीर्ष | मंजूर | झालेला खर्च | त्यातला चुकता |
|---|---|---|---|
| पोकलेन, तासावर | १०,८०,००० | ३,९६,००० | ३,२२,२०० |
| मशीनची ने-आण (ट्रेलर) | ६०,००० | ४०,००० | ४०,००० |
| क्षेत्र समन्वयक मानधन | ९०,००० | ३०,००० | १५,००० |
| मोजणी | ९०,००० | २८,००० | २८,००० |
| गावबैठका, फलक | ४५,००० | १६,५०० | १६,५०० |
| प्रवास | ६०,००० | १४,३०० | १४,३०० |
| प्रशासन व लेखापरीक्षण | ७५,००० | १०,००० | १०,००० |
| एकूण | १५,००,००० | ५,३४,८०० | ४,४६,००० |

सहा लाखांचे ७५ टक्के म्हणजे ४,५०,०००. झालेल्या खर्चाच्या रकान्याने आपण ८९ टक्क्यांवर आहोत, चुकत्या रकमेच्या रकान्याने ७४.३. चार हजार कमी. एकाच वहीतून दोन उत्तरं निघतात आणि दोन्ही खरी आहेत.

पहिल्या मसुद्यात आम्ही ५,३४,८०० लिहून मोकळे झालो होतो. कंपनीच्या वित्त विभागाने सोबतचं पासबुक पाहून तो परत पाठवला. पासबुकात ३१ मार्चला १,६१,९६० शिल्लक होती, आणि पत्रात लिहिलेली शिल्लक होती ६६,६६०. त्यांच्या जागी कुणीही असता तरी विचारलंच असतं, की ९५,३०० रुपये खात्यात पडून आहेत तर ते खर्च झाले कसे म्हणता?

त्यांचा हा कडकपणा हौसेचा नसतो. सीएसआरच्या नियमांप्रमाणे दिलेला निधी ठरलेल्या कामावर, ठरलेल्या पद्धतीने वापरला गेला याची खात्री कंपनीच्या संचालक मंडळाला करून घ्यावी लागते, आणि तसं त्यांच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या परिपत्रकात हेही सांगितलंय, की संस्थेच्या खात्यात पैसे वर्ग केले म्हणजे खर्च झाला असं होत नाही. संस्थेने ते वापरले पाहिजेत. शिवाय प्रकल्प एका वर्षापलीकडे चालणारा असेल तर न वापरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकण्याचं बंधन कंपनीवर असतं. म्हणून त्यांना ३१ मार्चचा आकडा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हवा असतो, आणि तो पासबुकाला चिकटणारा हवा असतो.

तेव्हा पत्राला बसण्याआधी करायचं काम एकच: वहीतली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक यांतला फरक रुपयापर्यंत उलगडून दाखवणं. तो कागद आमच्या प्रकरणात असा झाला.

आलेला हप्ता ६,००,०००, त्यावर ३१ मार्चला बँकेने जमा केलेलं व्याज १,४६०, एकूण ६,०१,४६०. त्यातून झालेला खर्च ५,३४,८०० वजा केला की ६६,६६० उरतात. आता यात परत मिळवायच्या त्या रकमा, ज्या खर्चात धरल्या पण खात्यातून गेल्या नाहीत. पोकलेनचं तिसरं बिल, २२ ते ३१ मार्चच्या ४० तासांचं, ७२,०००. समन्वयकाचं मार्चचं मानधन १५,०००. दुसऱ्या बिलातून कापलेला पण अजून न भरलेला टीडीएस १,८००. या तिघांची बेरीज ८८,८००, ही झाली देणी. चौथी रक्कम वेगळ्या जातीची: फलक रंगवणाऱ्याला २९ मार्चला दिलेला ६,५०० चा चेक, जो त्याने ५ एप्रिलला वटवला. तो आपल्या वहीत चुकता आहे, बँकेच्या वहीत नाही. ६६,६६० अधिक ८८,८०० अधिक ६,५०० म्हणजे १,६१,९६०. पासबुक जुळलं.

टीडीएसची रक्कम लहान असते म्हणून ती विसरली जाते, आणि मग १,८०० चा फरक शोधण्यात दुपार जाते. मशीनमालकाचं बिल १,८०,००० चं, त्याला दिले १,७८,२००. खर्च मात्र पूर्ण १,८०,००० लिहायचा, कारण कापलेले १,८०० त्याच्याच नावाने सरकारला जायचे आहेत. मार्चमध्ये कापलेला टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरता येतो, इतर महिन्यांचा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. आमच्या सीएंनी हे काम ठेक्याचं धरलं, कारण ऑपरेटर, डिझेल, दुरुस्ती सगळं मालकाचं; मालक एकटा माणूस, म्हणून १ टक्का. नुसतं मशीन भाड्याने आणून ऑपरेटर आपला ठेवला असता तर तो भाड्याचा व्यवहार ठरून दर बदलला असता. हे बिल यायच्या आधी विचारून घ्यायचं, नंतर मालकाकडून एक टक्का परत मागणं जमत नाही.

यानंतर वाट सापडली ती अशी. ३१ मार्च या तारखेला एक यूसी, चुकत्या रकमेवर: मिळाले व्याजासह ६,०१,४६०, चुकते ४,४६,०००, शिल्लक १,५५,४६०, आणि त्या शिलकीवर देणी ८८,८००. ही कंपनीच्या वर्षअखेरीसाठी. आणि १० एप्रिल या तारखेला दुसरं खर्चपत्रक, दुसऱ्या हप्त्याच्या मागणीसाठी. मधल्या दहा दिवसांत ३ तारखेला मानधन दिलं (तिथेच ७५ टक्के ओलांडले), ४ तारखेला पोकलेनचं तिसरं बिल चुकतं केलं, ७ तारखेला टीडीएस भरून टाकला, मुदत ३० ची असली तरी. रंगाऱ्याचा चेक ५ लाच वटला होता. त्यामुळे १० एप्रिलला वही ६६,६६० आणि पासबुकही ६६,६६०. पत्रासोबत जुळणीचा कागद लावायचीच गरज उरली नाही. आता आम्ही मागणीपत्राची तारीखच अशी निवडतो, की त्या दिवशी देणी शून्य असतील आणि सगळे चेक वटलेले असतील. दोन-चार दिवस थांबल्याने शंकांच्या फेऱ्यांत जाणारे दोन आठवडे वाचतात.

यूसीवर सीएंची सही लागते. ते वही, व्हाउचर, पासबुक पाहून सही करतात. तलावात गाळ निघाला की नाही हे ते सांगत नाहीत आणि त्यांच्याकडून ते वदवून घेऊ नये. कामाचा पुरावा हा वेगळा गठ्ठा. सहीसोबत यूडीआयएन हा अठरा अंकी-अक्षरी क्रमांक असतो, तो सीए त्यांच्या संस्थेच्या पोर्टलवर काढतात आणि कंपनीतला माणूस तिथेच तपासतो. तो क्रमांक काढून झाल्यावर ‘एक आकडा चुकलाय, तेवढा बदलून द्या’ म्हटलं तर सगळं प्रमाणपत्र पुन्हा करावं लागतं. म्हणून सीएंकडे जाण्याआधी दोन गोष्टी पुन्हा बघायच्या. शीर्षांची नावं करारातल्या अंदाजपत्रकात आहेत तशीच, त्याच क्रमाने. वहीत ‘जेसीबी भाडे’ आणि करारात ‘यंत्राद्वारे उत्खनन’ असेल तर प्रमाणपत्रात करारातलं नाव येतं. दुसरं, तारीख. ‘३१ मार्च अखेर’ की ‘१० एप्रिल अखेर’, हे पत्रात, खर्चपत्रकात आणि प्रमाणपत्रात एकच हवं.

इथे एक सांगून ठेवतो. जालावर यूसी म्हणून शोधलं की बहुतेक वेळा सरकारी अनुदानाचा नमुना १२-ए मिळतो, सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला. तो केंद्राच्या अनुदानासाठी आहे. त्यात व्याज सरकारजमा करायचं असतं. सीएसआरमध्ये व्याज त्याच कामात वापरता येतं. नमुना आंधळेपणाने उचलला तर आपल्याच सहीने नको ते वचन दिलं जातं.

आता व्हाउचरकडे. साडेपाच लाखांतले चार लाख पोकलेनचे, म्हणून तपासणारा माणूसही तिथेच बसतो. मशीन तासावर, डिझेल-ऑपरेटरसह १,८०० रुपये ठरलं होतं. तासाला पुरावा म्हणजे मशीनमधलं अवर मीटर. सकाळी सुरू करताना आणि संध्याकाळी बंद करताना मीटरचा फोटो, आणि वहीत दोन्ही वाचनं, ऑपरेटरची आणि गावच्या समितीतल्या एकाची सही. सोपं वाटतं, पण एक खोच आहे. मीटर दशांशात चालतं. ६.४ म्हणजे सहा तास चोवीस मिनिटं. वही लिहिणारा मुलगा ते ‘सहा तास चाळीस’ लिहितो, आणि मग महिन्याच्या बेरजेत मिनिटांचे तास करताना घोळ होतो. फेब्रुवारीत मालकाचं बिल ८२ तासांचं आलं, वही ८० म्हणत होती. शेवटी महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या फोटोतल्या वाचनांची वजाबाकी केली, ८० निघाले, बिल बदलून घेतलं. रोजची बेरीज करत बसण्यापेक्षा ही वजाबाकी आधी करावी.

दुसरी खोच अशी की इंजिन चालू असलं की मीटर पळतं, बादली हलो वा न हलो. गाळ शेतकरी आपल्या ट्रॅक्टरने नेतात. ट्रॅक्टर कमी पडले की मशीन उभं राहतं. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद, हे मालकाशी लेखी ठरवलेलं असेल तरच त्याचा उपयोग. आम्ही ते पहिल्या दहा दिवसांनंतर ठरवलं, आणि ते दहा दिवस पुढे पत्रात दिसले.

बिलं मालकाच्या छापील बिलबुकावर, संस्थेच्या नावाने, तलावाचं नाव आणि तारखांसह घ्यायची. तो जीएसटीत नोंदलेला नसेल तर बिलात जीएसटी नसतो, पण तसं बिलावर लिहून घेतलेलं बरं. नाहीतर ‘कर का नाही’ हा प्रश्न येतोच. प्रत्येक बिलावर प्रकल्पाच्या नावाचा शिक्का आणि ‘या प्रकल्पातून अदा’ असं लिहायचं. संस्थेकडे दुसरा देणगीदार असेल तर तेच बिल दोन ठिकाणी दाखवलेलं नाही, याचा हाच पुरावा. आणि रोख रक्कम: एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. गावात ट्रेलरवाला रोख मागतो. त्याला आधीच सांगायचं की पैसे खात्यातच येतील.

पैशाचा हिशेब जुळला तरी कामाचा हिशेब जुळायचा राहतो, आणि तो जास्त फसवा. पहिला तलाव १८० तासांत झाला. ट्रॅक्टरच्या खेपांची वही ३,१०० खेपा दाखवत होती. ट्रॉलीत साधारण तीन घनमीटर, म्हणजे ९,३०० घनमीटर. मोजणीदाराने काम सुरू व्हायच्या आधी आणि नंतर तलावाच्या तळाच्या पातळ्या घेतल्या होत्या, त्यातून आला ७,६००. फरक १,७०० घनमीटरचा. यात कुणी खोटं लिहिलेलं नव्हतं. तळात दबून बसलेला गाळ बादलीने उचलला की फुगतो, त्यात हवा शिरते. इथे फुगवटा बावीस टक्क्यांच्या आसपास निघाला. ट्रॉली शिगोशीग भरली की नाही यानेही थोडा फरक पडतो. पण पत्रात एका परिच्छेदात ९,३०० आणि जोडलेल्या मोजणीत ७,६०० असं गेलं असतं, तर वाचणाऱ्याने सरळ फुगवलेला आकडा म्हणून खूण केली असती.

तलावाची साठवण वाढते ती खड्ड्याच्या मापाने, ट्रॉलीच्या नाही. म्हणून पत्रात ७,६०० घनमीटर, म्हणजे ७६ लाख लिटर वाढीव साठवण, एवढंच लिहिलं. खेपांचा आकडा शेतकऱ्यांच्या यादीसोबत ठेवला, कारण कुणाच्या शेतात किती गाळ गेला हे खेपांनीच कळतं, आणि तिथे ‘सुटा गाळ’ असा शब्द वापरला.

करारात ६०० तासांत ३०,००० घनमीटर असं लक्ष्य होतं, म्हणजे तासाला ५०, म्हणजे घनमीटरला ३६ रुपये. पहिल्या तलावात १८० तासांचे ३,२४,००० गेले आणि ७,६०० निघाले: तासाला ४२, घनमीटरला ४२ रुपये ६० पैसे. हे लपवता येत नाही. तपासणारा कॅल्क्युलेटर घेऊन बसला तर मिनिटभरात काढतो. आणि आपण न सांगता त्याने काढलं, की पुढची सगळी पानं तो संशयानेच वाचतो. पत्रात कारण लिहिलं, उपाय लिहिला आणि पुढचा अंदाजही लिहिला. अंदाज कसा काढला? दुसऱ्या तलावात पहिल्या ४० तासांत ८०० खेपा झाल्या होत्या, तासाला २०. पहिल्या तलावात तासाला १७ होत्या. वीस खेपा म्हणजे ६० सुटे, फुगवटा काढून ४९ घनमीटर. हाच वेग टिकला तर ६०० तासांच्या शेवटी २८,००० च्या आसपास पोचतो, ३०,००० नाही. तेच लिहिलं.

पत्र दीड पानाचं झालं. संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारीख, कराराची तारीख संदर्भात. कंपनीला इंग्रजी प्रत लागते, पण आम्ही आधी मराठीत लिहितो, कारण विश्वस्तांनी सही करण्याआधी ते समजून वाचलं पाहिजे. गाभा असा होता:

> विषय: पाझर तलाव गाळ काढणे प्रकल्प. पहिल्या हप्त्याचा दि. १० एप्रिल अखेर विनियोग आणि दुसऱ्या हप्त्याची मागणी रु. ६,००,०००.
>
> महोदय, आपल्याकडून दि. १० फेब्रुवारी रोजी रु. ६,००,००० मिळाले. त्यावर रु. १,४६० व्याज जमा झाले. दि. १० एप्रिल अखेर रु. ५,३४,८०० खर्च झाले असून ही सर्व रक्कम चुकती केली आहे. शिल्लक रु. ६६,६६० असून ती प्रकल्पाच्या बँक खात्यातील शिलकीइतकीच आहे. खर्च पहिल्या हप्त्याच्या ८९ टक्के आहे.
>
> पहिला तलाव पूर्ण झाला असून मोजणीनुसार ७,६०० घनमीटर गाळ निघाला. ताशी ५० घनमीटर अपेक्षित असताना प्रत्यक्षात ४२ निघाले. पहिल्या दहा दिवसांत ट्रॅक्टर कमी असल्याने यंत्र थांबून राहिले. आता ट्रॅक्टरच्या पाळ्या गावसमितीने ठरवल्या असून, दुसऱ्या तलावात खेपांच्या नोंदीवरून ताशी सुमारे ४९ घनमीटरचा वेग दिसतो. एकूण उद्दिष्ट ३०,००० ऐवजी सुमारे २८,००० घनमीटर पूर्ण होईल असा आमचा अंदाज आहे.
>
> दि. १ ते १० एप्रिल या काळात यंत्राचे ६४ तास काम झाले आहे. त्याचे रु. १,१५,२०० चे देयक १५ एप्रिल रोजी अपेक्षित असून ते वरील खर्चात धरलेले नाही. हातातील शिल्लक त्यासाठी अपुरी आहे. दुसरा हप्ता २५ एप्रिलपर्यंत मिळाल्यास यंत्र न थांबवता तिसरा तलाव पावसापूर्वी घेता येईल. यंत्र परत गेल्यास ते पुन्हा आणण्याचा खर्च रु. २०,००० येईल, जो अंदाजपत्रकात नाही.

शेवटचा परिच्छेद लिहावा की नाही यावर आमच्यात दोन मतं होती. विनवणी वाटते, असं एक मत. पण त्यात ‘कृपया लवकर’ कुठेच नाही. तारीख आहे, तास आहेत, आणि उशिराची किंमत आहे. कार्यक्रम अधिकारी ही फाइल वित्त विभागाकडे घेऊन जातो तेव्हा त्याला दाखवायला हेच लागतं. ६६,६६० मध्ये मशीनचे ३७ तास बसतात, म्हणजे रोज आठ तासांचे पाच दिवससुद्धा नाहीत. हे गणित त्याच्या हातात असलं तर तो आपल्या बाजूने बोलू शकतो.

पत्रात मुद्दाम न घातलेली एक गोष्ट होती. शेवटचे २० टक्के काम पूर्ण झाल्यावर मिळणार, पण मशीनचे उरलेले ३८० तास मेअखेरच संपणार. त्यांचे ६,८४,०००, ट्रेलरचे २०,०००, दोन महिन्यांचं मानधन ३०,०००: एकूण ७,३४,०००. हातात येणार ते दुसरा हप्ता आणि शिल्लक मिळून ६,६६,६६०. म्हणजे मोजणी आणि प्रवास सोडूनसुद्धा ६७,३४० कमी. असे करार लहान संस्थेला नकळत सावकार शोधायला लावतात, आणि तो सावकार बहुधा मशीनमालकच असतो. तिसऱ्या हप्त्यातले एक लाख आधी द्यावेत, ही विनंती आम्ही वेगळ्या पत्राने, वेगळ्या जावक क्रमांकाने केली. करारातल्या अटीबाहेरची मागणी आणि अटीतली मागणी एका पत्रात घातली, की अटीतलीही तिच्यासोबत मंजुरीच्या वरच्या पायरीवर जाऊन बसते. ती विनंती नाकारली गेली; मालकाने शेवटच्या बिलाला पंचेचाळीस दिवस थांबायचं कबूल केलं. मुख्य पत्र मात्र अडलं नाही.

जोडलेल्या कागदांत सीएंचं प्रमाणपत्र, खर्चपत्रक, पासबुकाची पानं (खातं उघडल्यापासूनची सगळी, निवडक नाहीत), व्हाउचरच्या क्रमांक घातलेल्या प्रती, मोजणीचा तक्ता, आणि तलावाचे फोटो होते. फोटो एकाच जागेवरून घेतलेले असावेत. आम्ही सांडव्याच्या भिंतीवर रंगाचा ठिपका मारून तिथे उभं राहूनच फोटो काढायला सांगतो. नाहीतर आधीचा आणि नंतरचा फोटो दोन वेगळ्या तलावांचे वाटतात. शेतकऱ्यांच्या यादीत नाव, गट क्रमांक, खेपा, सही एवढंच ठेवलं. आधार क्रमांक मागितला तरी देऊ नये; गाळाच्या खेपांचा हिशेब तपासायला तो कुणालाच लागत नाही.

पत्र ११ एप्रिलला गेलं, १६ ला तीन प्रश्न आले. फेब्रुवारीचं पूर्ण मानधन कसं, पैसे तर १० तारखेला आले? उत्तर: करार १ फेब्रुवारीपासून लागू, समन्वयकाचं नेमणूकपत्र त्याच तारखेचं; दोन्हींच्या प्रती जोडल्या. नेमणूकपत्र कराराच्या आधीच्या तारखेचं असतं तर तेवढे दिवस आपल्या खिशातून गेले असते. दुसरा प्रश्न, ट्रेलरची दोन बिलं एकाच रकमेची का? कारण एक फेरी २०,००० अशी ठरलेली, पहिलं बिल मशीन आणण्याचं, दुसरं पहिल्या तलावावरून दुसऱ्यावर नेण्याचं. बिलावर ‘कुठून कुठे’ लिहिलेलं नव्हतं, ही आमची चूक. तिसरा, प्रशासनाचे १०,००० कशाचे? सीएंची फी आणि छपाई-टपाल, त्याचे तपशील दिले. एकाच ईमेलमध्ये तिन्ही उत्तरं, प्रश्न क्रमांक घालून, त्याच दिवशी.

२४ एप्रिलला खात्यात पैसे आले ते ५,९८,५४०. सहा लाख का नाहीत म्हणून आधी बँकेत विचारलं, मग लक्षात आलं की व्याजाचे १,४६० कंपनीने हप्त्यातून वळते केले होते. हिशेबाने ते बरोबरच आहे: व्याज याच कामावर लागतंय, आणि दोन हप्ते व व्याज मिळून बरोबर १२,००,०००, म्हणजे मंजूर रकमेच्या ८० टक्के होतात. फक्त पावती सहा लाखांची फाडू नये. ती ५,९८,५४० चीच दिली, आणि पुढच्या यूसीची पहिली ओळ त्याच दिवशी लिहून ठेवली: मागील शिल्लक ६६,६६०, दुसरा हप्ता ५,९८,५४०, एकूण ६,६५,२००.